पेसमेकर तपासला, पुढे काय लिहायचं?

पेसमेकर बसवलेल्या माणसाची फाइल उघडली की डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांच्यामध्ये गुळगुळीत कागदाच्या लांबलचक घड्या सापडतात. त्यांवर हृदयाच्या ठोक्यांचा आलेख असतो, खाली आकडे असतात आणि इंग्रजी आद्याक्षरांची गर्दी असते. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होणाऱ्या तपासणीचे हे प्रिंटआउट. घरच्यांना त्यातून एकच गोष्ट हवी असते : बॅटरी अजून किती वर्षं चालेल? तेवढं कागदावर छापलेलंही असतं. मात्र पुढच्या वेळी हाच पेसमेकर तपासणाऱ्या डॉक्टरला जे कळायला हवं, त्यातलं बरंचसं छापलेलं नसतं. गेल्या वर्षीपेक्षा काय वेगळं दिसलं, आज कोणती सेटिंग्ज बदलली आणि ती का बदलली, हे कोणीतरी माणसानेच लिहावं लागतं. या लिखाणाला फॉलो-अपची नोंद म्हणतात. फाइलमधलं अर्धं पान पुरतं तिला, पण ते अर्धं पान चुकलं तर त्याचा भुर्दंड रुग्णाला पडतो.

तपासणी होते ती प्रोग्रामर नावाच्या यंत्राने. छातीवर पेसमेकरच्या जागी त्याचा वँड ठेवला, किंवा नव्या उपकरणांत बिनतारी जोडणी झाली, की आतली सगळी माहिती पडद्यावर येते. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा. एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचू शकत नाही. त्यामुळे आपल्याकडे अनेक रुग्णालयांत तपासणीच्या दिवशी त्या त्या कंपनीचा इंजिनिअर आपलं यंत्र घेऊन येतो, डॉक्टरांच्या समोर चाचण्या करतो आणि प्रिंटआउट काढून देतो. इंजिनिअर निघून जातो, रुग्ण गावी जातो, आणि मागे उरतो तो कागद आणि त्यावरून लिहिलेली नोंद.

कागदाचाही भरवसा धरता येत नाही. बऱ्याच प्रोग्रामरची पट्टी थर्मल कागदावर छापली जाते, एटीएमच्या पावतीसारख्या. उन्हाने, उष्णतेने आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यानेही ती फिकी पडते. रुग्ण मात्र ती जपायची म्हणून नेमकी प्लास्टिकच्याच पिशवीत ठेवतात. चार-पाच वर्षांनी घडी उघडली की वर नुसती राखाडी छटा उरलेली असते. म्हणून महत्त्वाच्या पानांची साधी झेरॉक्स लगेच काढावी आणि आकडे शाईने नोंदीत उतरवावेत.

नोंद कशी लिहायची हे उदाहरणाशिवाय सांगणं अवघड आहे. पुढचं उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक पेच अशा बाह्यरुग्ण विभागांत खरोखर पडतो. सातारा जिल्ह्यातल्या ७४ वर्षांच्या एक आजी. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे पूर्ण हार्ट ब्लॉक. २०१९ मध्ये त्यांना दोन तारांचा पेसमेकर बसवला. एक लीड उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, आणि दुसरी उजव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या. आज त्या वार्षिक तपासणीला आल्या आहेत. समोर निवासी डॉक्टर बसली आहे, हातात चार पानांचा प्रिंटआउट आणि आलेखाची पट्टी आहे.

पहिलं काम म्हणजे कागद याच रुग्णाचा आहे ना, हे पाहणं. प्रिंटआउटवरचं नाव कोणीतरी प्रोग्रामरमध्ये टाइप केलेलं असतं. ते कोरं असू शकतं, चुकलेलंही असू शकतं. पेसमेकरची खरी ओळख म्हणजे मॉडेल आणि सीरियल नंबर. हे दोन्ही पेसमेकर बसवताना मिळालेल्या कार्डाशी ताडून पाहायचे आणि नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहायचे. त्याच वेळी कागदावरची तारीख आणि वेळही बघावी. यंत्राचं घड्याळ चुकलेलं असलं तर पेसमेकरने टिपून ठेवलेल्या घटनांच्या तारखाही चुकतात, आणि मग गणपतीत आलेली चक्कर कागदावर दिवाळीत दिसते.

आता बॅटरी. प्रिंटआउटवर तिच्याबद्दल सहसा तीन प्रकारची माहिती असते : व्होल्टेज, उरलेल्या वर्षांचा अंदाज आणि बॅटरीची अवस्था. जुन्या पद्धतीच्या लिथियम-आयोडीन बॅटरीचं व्होल्टेज सुरुवातीला सुमारे २.८ असतं. वर्षानुवर्षं ते फार हळू उतरतं आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढत जातो. नव्या काही उपकरणांत वेगळ्या रसायनाच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचे आकडेही वेगळे असतात. म्हणून दोन रुग्णांच्या व्होल्टेजची तुलना करण्यात अर्थ नाही. कोणत्या व्होल्टेजला बॅटरी संपत आली असं म्हणायचं, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तुलना करायची ती याच पेसमेकरच्या मागच्या आकड्याशी.

वर्षांचा अंदाज सगळ्यांनाच आवडतो, पण तो जपून लिहायला हवा. मोटारीच्या पडद्यावर ‘आणखी २०० किलोमीटर’ असं दिसतं, ते आतापर्यंत गाडी जशी चालवली त्यावरून. पेसमेकरचा अंदाजही आतापर्यंतच्या वापरावर आणि सध्याच्या सेटिंग्जवर बेतलेला असतो. ठोके किती टक्के द्यावे लागतात, प्रत्येक ठोक्याला किती व्होल्ट लागतात, लीडचा रोध किती आहे, यावर तो हलतो. आजींच्या कागदावर साडेपाच वर्षं छापलं आहे. हा आकडा तपासणीच्या सुरुवातीला वाचलेला आहे. त्यानंतर सेटिंग बदललं तर तो शिळा होतो. पुढे तसंच घडणार आहे.

बॅटरीच्या इतिहासात एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडनमध्ये ऑक्टोबर १९५८ मध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसवलेला पेसमेकर ठेवला गेला. तो रून एल्मक्विस्ट यांनी बनवला होता आणि ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रिया केली होती. तो जेमतेम काही तास चालला. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले आणि त्या काळात त्यांचे एकूण २६ पेसमेकर झाले. आजच्या पेसमेकरची बॅटरी बहुधा आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त चालते. त्यामुळेच आता खरा धोका वेगळा झाला आहे. बॅटरी इतकी टिकते की तिच्याकडे लक्ष ठेवायचं राहून जातं.

बॅटरी संपत आल्याची खूण कागदावर ERI किंवा RRT या अक्षरांनी येते. आता बदलण्याची वेळ झाली, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर साधारण तीन महिने पेसमेकर भरवशाने चालेल अशी रचना असते, आणि मग EOL किंवा EOS, म्हणजे अखेर. ही खूण येताच काही पेसमेकर वीज वाचवण्यासाठी स्वतःहून साध्या पद्धतीवर उतरतात. मेडट्रॉनिकच्या अनेक मॉडेलांत ती पद्धत म्हणजे VVI, मिनिटाला ६५ ठोके. म्हणजे वरच्या कप्प्याशी मेळ सोडून पेसमेकर फक्त खालच्या कप्प्याला ठोके देऊ लागतो. रुग्ण सांगतो, पंधरा दिवसांपासून दम लागतो, गळल्यासारखं होतं. प्रिंटआउटवर ‘Mode VVI, Rate 65’ असं दिसतं आणि घाईत लिहिणारा तेच सेटिंग म्हणून उतरवतो. वाचणाऱ्याला वाटतं, हे कोणा डॉक्टरनेच ठरवून केलेलं असावं. नोंदीत लिहायला हवं ते असं : अमुक तारखेला बदलण्याची खूण आली, त्यामुळे पेसमेकर आपोआप या पद्धतीवर गेला, आधीचं सेटिंग अमुक होतं, बदलण्याची शस्त्रक्रिया ठरवायला हवी. आकडा तोच राहतो, पण वाचणारा आता तातडीने हालचाल करतो.

आजींची बॅटरी त्या टप्प्यावर नाही. खरी गोष्ट थ्रेशोल्डची आहे.

खालच्या कप्प्याला ठोका घ्यायला लावण्यासाठी कमीत कमी जेवढी वीज लागते, तो थ्रेशोल्ड. विजेच्या या स्पंदाला उंची असते व्होल्टमध्ये, आणि लांबी असते मिलिसेकंदांत. दोन्ही मिळूनच आकडा पुरा होतो. ०.७५ व्होल्ट पुरले, पण किती वेळ दिले तेव्हा? लांबी वाढवली की कमी व्होल्ट पुरतात, लांबी कमी केली की जास्त लागतात. म्हणून कागदावर ‘0.75 V @ 0.4 ms’ असं छापतात. नोंद लिहिताना सर्रास गळतो तो त्या @ नंतरचा भाग. गेल्या वर्षी ०.४ मिलिसेकंदाला मोजलं आणि या वर्षी १ मिलिसेकंदाला मोजलं, तर दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. एखादा अनुभवी डॉक्टर निवासी डॉक्टरच्या नोंदीवर बोट ठेवून पहिला प्रश्न हाच विचारतो : “पुढचा आकडा कुठे गेला?”

थ्रेशोल्ड मोजताना प्रोग्रामर व्होल्टेज पायरीपायरीने उतरवतो आणि पट्टीवर आलेख छापला जात असतो. प्रत्येक स्पंदाच्या जागी एक बारीक उभी रेघ असते आणि तिच्या लगेच मागे खालच्या कप्प्याचा रुंद ठोका. ठोका आला की वीज पुरली. याला कॅप्चर म्हणतात. एका पायरीवर नुसती रेघ उमटते आणि मागे ठोकाच येत नाही. तपासणारा त्याच क्षणी बटण सोडतो आणि पेसमेकर आधीच्या व्होल्टेजवर परततो. स्वतःची लय नसलेल्या रुग्णाला या एका क्षणात भोवळ आल्यासारखं वाटू शकतं, म्हणून त्याला आधी सांगून ठेवतात. आजींनाही इंजिनिअरने सांगितलं होतं, “आजी, जरा डोक्यात हलकं वाटेल, घाबरू नका.”

ठोका जिथे सुटला, ती पायरी थ्रेशोल्ड नव्हे. तिच्या वरची, जिथे शेवटचा ठोका नीट मिळाला, ती थ्रेशोल्ड. इथे चूक होते, आणि ती कागदावरून सहज दिसत नाही. बटण सोडल्यावर प्रोग्रामर पडद्यावर एक आकडा सुचवतो आणि तपासणाऱ्याने तो बघून पक्का करायचा असतो. बटण सोडायला क्षणभर उशीर झाला आणि सुचवलेला आकडा तसाच पक्का केला, तर सारांशाच्या पानावर चुकीचा आकडा छापला जातो.

आजींच्या सारांशावर खालच्या कप्प्याचा थ्रेशोल्ड १.२५ व्होल्ट, ०.४ मिलिसेकंद असा आहे. पेसमेकर सध्या २.५ व्होल्ट देतो. सर्वसाधारण नियम असा की द्यायचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या निदान दुप्पट असावं, कारण झोप, जेवण, ताप, औषधं यांनी थ्रेशोल्ड दिवसभरात थोडा वरखाली होत असतो. १.२५ची दुप्पट २.५. हिशेब काठावर का होईना जुळतो. सारांशाचंच पान वाचून नोंद लिहिली असती, तर ‘थ्रेशोल्ड ठीक, सेटिंग बदललं नाही, एक वर्षाने या’ असं लिहून आजी घरी गेल्या असत्या.

निवासी डॉक्टरने पट्टी उलगडली. २.५ला ठोका आहे. २.२५, २, १.७५, १.५, सगळीकडे रेघेमागे रुंद ठोका आहे. १.२५ला पहिल्या रेघेमागे सरळ रेष आहे, दुसऱ्या रेघेमागेही तीच, आणि मग पुन्हा २.५ला ठोके सुरू. म्हणजे थ्रेशोल्ड १.५ व्होल्ट. दुप्पट करायचे तर ३ व्होल्ट हवेत, आणि पेसमेकर देतो आहे २.५. हिशेब जुळत नाही.

पट्टी वाचताना उलटा धोकाही असतो. रुग्णाच्या हृदयाला स्वतःची लय असेल, तर त्याचा नैसर्गिक ठोका नेमका स्पंदाच्या वेळी येऊ शकतो. रेघ दिसते, ठोका दिसतो, आणि वाटतं वीज पुरली; प्रत्यक्षात तो ठोका हृदयाने आपणहून घेतलेला असतो. मग थ्रेशोल्ड आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो. हे टाळण्यासाठी चाचणी रुग्णाच्या स्वतःच्या गतीपेक्षा जास्त गतीने करतात, आणि ठोक्याचा आकार खरोखर बदलला का ते पाहतात. नोंदीत चाचणी कोणत्या गतीला केली हे लिहिलेलं असलं, की पुढच्या वाचणाऱ्याला भरवसा वाटतो. पेसमेकरने स्वतःच रोज मोजलेला थ्रेशोल्ड असेल, तर तेही स्पष्ट लिहावं. आपोआप मोजलेला आणि हाताने मोजलेला आकडा एकाच रकान्यात मिसळू नये.

आता मागची नोंद. गेल्या वर्षी हाच थ्रेशोल्ड ०.७५ होता, त्याच्या आदल्या वर्षीही ०.७५. या वर्षी १.५, म्हणजे थेट दुप्पट. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लीडच्या टोकाशी सूज येते आणि थ्रेशोल्ड वाढतो. टोकातून हळूहळू स्टेरॉइड सुटणाऱ्या लीड आल्यापासून ही वाढ बरीच कमी झाली आहे. सहा वर्षांनंतरची वाढ त्या खात्यात टाकता येत नाही. तिची कारणं शोधावी लागतात : टोकाशी साचत गेलेला तंतुमय पेशीजाल, तिथल्या स्नायूला झालेली इजा, रक्तातलं वाढलेलं पोटॅशियम, फ्लेकॅनाइडसारखं एखादं औषध, किंवा लीडच बिघडणं.

शेवटची शक्यता तपासायला प्रिंटआउटवर एक सोपा साक्षीदार असतो, लीडचा रोध, म्हणजे इम्पिडन्स. तो साधारण काही शे ओहम असतो. आतली तार तुटली किंवा पेसमेकरमधला तिचा स्क्रू सैल झाला, तर तो एकदम खूप वर जातो. तारेवरचं आवरण फाटलं, तर एकदम खाली येतो. आजींच्या लीडचा रोध गेल्या वर्षी ५६० ओहम होता, या वर्षी ५४० आहे. एवढा फरक नेहमीचाच. म्हणजे तार शाबूत असावी, आणि बिघाड असलाच तर तो टोक आणि स्नायू यांच्यामध्ये असावा. नोंदीत एकटा ‘५४०’ लिहिला तर हा अर्थ लागत नाही. ‘५४०, मागील ५६०, स्थिर’ असं लिहिलं की लागतो. पेसमेकरच्या नोंदीत मागचा आकडा शेजारी लिहिण्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरांनी विचारलं, नवीन गोळी सुरू केली का? आजी म्हणाल्या, “गुडघ्याची सोडली तर नाही.” पोटॅशियम तपासलं, ४.४, व्यवस्थित. छातीचा एक्स-रे काढला, लीडचं टोक २०१९ च्याच जागी आहे. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की आउटपुट ३ व्होल्ट करायचं आणि लवकर पुन्हा बोलवायचं.

यानंतर सेटिंग्जचं पान, आणि सगळ्यात जास्त फसवणारं. प्रोग्रामर दोन प्रकारचे अहवाल छापतो. एक तपासणीच्या सुरुवातीचा, पेसमेकर आला तेव्हा कसा होता ते सांगणारा. दुसरा शेवटचा, तो कसा करून घरी पाठवला ते सांगणारा. दोन्ही पानं जवळजवळ सारखी दिसतात. सुरुवातीचं पान आधी हाती येतं म्हणून त्यावरचे आकडे नोंदीत उतरतात, आणि आज केलेला बदल कागदोपत्री झालेलाच नसतो. काही वेळा तर शेवटचा अहवाल छापायचाच राहतो. आजींच्या चार पानांतही सुरुवातीचाच अहवाल होता, त्यात २.५ व्होल्ट होते. इंजिनिअरने पेसमेकर पुन्हा वाचून शेवटचं पान काढलं. त्यावर खालच्या कप्प्याचं आउटपुट ३ व्होल्ट आलं, आणि उरलेल्या वर्षांचा नवा अंदाज साडेचार. वर्षभराने आयुष्य घटलं. याचं कारण असं की स्पंदाची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, २.५ वरून ३ वर जाताना ती सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. शिवाय बॅटरीच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षा जास्त हवं असेल, तर आतल्या मंडलाला ते चढवून घ्यावं लागतं आणि त्यातही वीज जाते. सगळ्याच यंत्रांत नवा अंदाज लगेच मिळत नाही. मिळाला नाही तर ‘साडेपाच वर्षं, बदलाआधी’ असं लिहावं. नाहीतर पुढच्या वर्षी साडेतीन दिसले की घरच्यांना धास्ती बसते आणि नव्या डॉक्टरला वाटतं, बॅटरीच गळते आहे.

सेटिंग्जमध्ये पहिली येतात ती अक्षरं. आजींचा पेसमेकर DDDR वर आहे. पहिलं अक्षर ठोका कोणत्या कप्प्यात द्यायचा ते, दुसरं कोणत्या कप्प्याचं ऐकायचं ते, तिसरं ऐकल्यावर काय करायचं ते. D म्हणजे दोन्ही. चौथं R असेल तर हालचालीबरोबर गती वाढवण्याची सोय चालू आहे. यापुढे कमीत कमी गती ६०, वरची मर्यादा १२०, दोन्ही कप्प्यांच्या ठोक्यांमधलं अंतर, दोन्ही लीडची आउटपुट आणि संवेदनशीलता एवढं लिहिलं की पुरे. शेवटच्या शब्दाशी जरा थांबायला हवं. हृदयाचा स्वतःचा संकेत मोजलेला असतो मिलिव्होल्टमध्ये, आणि पेसमेकर किती लहान संकेत ऐकेल याचं सेटिंगही मिलिव्होल्टमध्येच असतं. संकेत ८ आहे आणि सेटिंग २.८ आहे, हे दोन आकडे एकमेकांच्या रकान्यात गेले तर अर्थाचा अनर्थ होतो. त्यात सेटिंगचा आकडा जितका लहान, तितका पेसमेकर जास्त कानोसा घेणारा. नोंदीत ‘मोजलेला’ आणि ‘ठेवलेला’ हे शब्द प्रत्येक आकड्यापुढे लिहिले की हा घोळ होत नाही.

एमआरआयसाठी आलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर दोन्ही पानं लागतातच. स्कॅनपूर्वी पेसमेकर वेगळ्या पद्धतीवर टाकतात, बहुतेकदा अशा, ज्यात तो हृदयाचं काहीच न ऐकता ठरल्या गतीने ठोके देत राहतो. स्कॅन झाल्यावर तो परत मूळ सेटिंगवर आणायचा असतो. ‘परत आणला’ हे नोंदीत वेळेसकट आलं पाहिजे, आणि सोबत शेवटचा अहवाल हवा.

एक प्रश्न राहतो, ज्याचं उत्तर कोणत्याही सारांशात तयार मिळत नाही : या रुग्णाचं हृदय पेसमेकरशिवाय चालेल का? कागदावर खालच्या कप्प्याला ९९ टक्के ठोके दिल्याचं लिहिलेलं असतं आणि घाईत त्यापुढे ‘पूर्ण अवलंबून’ असं लिहिलं जातं. हे बरोबर असेलच असं नाही. दोन कप्प्यांमधलं अंतर कमी ठेवलेलं असेल, तर हृदयाचा स्वतःचा संदेश यायच्या आतच पेसमेकर ठोका देतो, आणि ज्याची लय व्यवस्थित आहे अशा माणसाचेही टक्के ९९ होतात. खरं उत्तर मिळतं ते गती हळूहळू ३०-४० पर्यंत उतरवून खाली काय दिसतं ते पाहिल्यावर. आजींमध्ये ३० पर्यंत उतरवलं तरी खालच्या कप्प्याचा एकही ठोका आला नाही, आणि चाचणी तिथेच थांबवली. म्हणून त्यांच्या नोंदीत ‘अवलंबून’ हा शब्द येतो आणि त्यापुढे कशावरून तेही.

हा शब्द पुढे कोण वाचणार? समजा, आजींना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी साताऱ्यातल्याच एखाद्या रुग्णालयात जावं लागलं. कातडीवरचा विजेचा चाकू चालू झाला की पेसमेकरला तो हृदयाचाच आवाज वाटू शकतो, आणि मग तो ठोके द्यायचं थांबवू शकतो. ज्याला स्वतःची लय आहे त्याचं तेवढ्या सेकंदांत भागतं. आजींचं भागणार नाही. भूलतज्ज्ञाला त्या वेळी चार गोष्टी हव्या असतात : पेसमेकर कोणत्या कंपनीचा आणि मॉडेलचा, बॅटरी ठीक आहे का, रुग्ण अवलंबून आहे का, आणि शेवटची तपासणी कधी झाली. अमेरिकेतल्या हृदयताल आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये असं सुचवलं आहे की ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी पेसमेकर गेल्या बारा महिन्यांत तपासलेला असावा. भूलतज्ज्ञ थर्मल कागदाची पट्टी उलगडत बसणार नाही. तो नोंद वाचेल.

निवासी डॉक्टरने शेवटी लिहिलेली नोंद अशी झाली. वर मॉडेल, सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि कारण. तक्रार काही नाही. चक्कर, बेशुद्धी नाही. जखमेची जागा चांगली. बॅटरी सामान्य, बदलण्याची खूण नाही, अंदाज बदलाआधी साडेपाच आणि बदलानंतर साडेचार वर्षं. स्वतःची लय : ३० पर्यंत जवनिकेचा ठोका नाही, अवलंबून. वरच्या कप्प्याच्या लीडचे आकडे मागच्यासारखेच, म्हणून एका ओळीत. खालच्या कप्प्याचा थ्रेशोल्ड १.५ व्होल्ट @ ०.४ मिलिसेकंद, हाताने मोजलेला, पट्टीवरून पडताळलेला, सारांशात १.२५ छापलं आहे, ते ठोका सुटल्याचं व्होल्टेज आहे, मागील ०.७५. रोध ५४०, मागील ५६०. पोटॅशियम ४.४, एक्स-रेत लीड जागेवर, नवं औषध फक्त गुडघ्याचं, त्याचं नाव लिहून घेतलं. सेटिंग : DDDR ६० ते १२०, खालच्या कप्प्याचं आउटपुट २.५ वरून ३ व्होल्ट केलं, कारण सुरक्षिततेसाठीचं अंतर दुपटीपेक्षा कमी होतं. इतर काही बदललं नाही. शेवटचा अहवाल जोडला. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. चक्कर आली तर लगेच.

सारांशातल्या चुकीबद्दलचं वाक्य अनावश्यक वाटू शकेल. पण छापील पान फाइलमध्येच राहणार आहे. दोन वर्षांनी कोणी नोंद आणि पान शेजारी ठेवून बघितली, तर दोन वेगळे आकडे दिसतील, आणि छापलेलंच खरं मानण्याकडे माणसाचा कल असतो.

पुढची तारीख ठरवतानाही मागचा आकडाच उपयोगी पडला. अमेरिका आणि युरोपातल्या हृदयतालतज्ज्ञांनी २००८ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार स्थिर पेसमेकर तीन ते बारा महिन्यांनी तपासला तरी चालतो, आणि बॅटरी संपत आल्याची चिन्हं दिसू लागली की एक ते तीन महिन्यांनी. आजींची बॅटरी ठीक होती, म्हणून कोणी वर्षभराची तारीख दिली असती तर ती चूक दिसली नसती. पण थ्रेशोल्ड दुप्पट झाला होता आणि तो अजून वाढतो आहे की थांबला आहे, हे एका मोजणीतून कळत नाही.

सहा आठवड्यांनी आजी आल्या तेव्हा दुसराच निवासी डॉक्टर पाळीवर होता. त्याने आधी पट्टी पाहिली. ठोका पुन्हा १.२५ला सुटला होता, १.५ला मिळाला होता. रोध ५५०. या वेळी सारांशातही १.५ छापलेलं होतं. त्याच्या नोंदीला चार ओळी पुरल्या : थ्रेशोल्ड १.५ @ ०.४, सहा आठवड्यांपूर्वीइतकाच, रोध स्थिर, आउटपुट ३ व्होल्ट तसंच ठेवलं, पुढची तपासणी तीन महिन्यांनी, तेव्हाही हाताने मोजावा.